उद्या सकाळची मीटिंग मीच बोलावलीय आणि मलाच हजर राहता येत नाही, मेल काय लिहू?

प्रश्न : कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये मी मार्केटिंग आणि कस्टमर बघतो. उद्या बुधवारी सकाळी ११ ला चाकणहून कस्टमरचे परचेस हेड आणि क्वालिटीचे साहेब येणार आहेत, दरवाढ आणि रिजेक्शन असे दोन विषय, मीटिंग मीच लावलेली. आत्ता रात्री ९ ला वडिलांना अॅडमिट केलंय, सकाळी अँजिओग्राफी आहे. मालक परगावी आहेत. फॉर्मल मराठीत मेल कसा लिहायचा? घरचं सगळं सांगायचं नाही, पण बहाणा पण वाटायला नको.

उत्तर :

दादा, आधी वडिलांना बरं वाटू दे. तुमच्याकडं वेळ कमी आहे म्हणून कामाचं आधी सांगते आणि कारणं नंतर.

चाकणहून ११ ला गोकुळ शिरगावात पोचायचं म्हणजे माणूस पहाटे साडेपाचच्या आत गाडीत बसतो. म्हणजे तुमची खरी वेळ उद्या ११ नाही, आज रात्री दहा-साडेदहा आहे, ते झोपायच्या आधी. म्हणून आत्ता उठा, वॉर्डच्या बाहेर या आणि परचेसच्या साहेबांना फोन लावा, मेल त्यानंतर. फोनवर दोनच वाक्यं बोला, "साहेब, वडिलांना आत्ता अॅडमिट केलंय, उद्याची मीटिंग मला पुढं ढकलावी लागतेय, तुम्ही सकाळी निघू नका, मेल लगेच पाठवतो." बास. नाही उचलला तर तेच लिहून मेसेज टाका आणि क्वालिटीच्या साहेबांना लावा. दोघांपैकी एकाच्या तोंडून "बरं, नाही निघत" हे शब्द ऐकू येत नाहीत तोवर निरोप पोचला असं समजू नका. दोन टिक म्हणजे मेसेज फोनवर पोचला, माणसानं वाचला असं नाही, आणि निळ्या टिक तर बऱ्याच जणांनी बंदच ठेवलेल्या असतात.

आता मेल. हा घ्या, नावं घालून पाठवा.

विषय : उद्याची (बुधवार, दि. १२) सकाळी ११ ची बैठक पुढे ढकलली आहे, कृपया प्रवासाला निघू नये

मा. श्री. ......... साहेब,
सप्रेम नमस्कार.

आत्ताच फोनवर बोलल्याप्रमाणे, उद्या बुधवार, दि. १२ रोजी सकाळी ११ वाजता आमच्या गोकुळ शिरगाव येथील कारखान्यात ठरलेली बैठक मला पुढे ढकलावी लागत आहे. माझ्या वडिलांना आज रात्री तातडीने रुग्णालयात दाखल केले असून त्या दिवशी मला त्यांच्यासोबत थांबणे आवश्यक आहे.

दरवाढ आणि रिजेक्शन हे दोन्ही विषय ठरल्याप्रमाणे कायम आहेत. रिजेक्शनची माहिती आमच्या क्वालिटी विभागाचे श्री. ......... (मोबाईल .........) बुधवार, दि. १२ रोजी दुपारी ४ पर्यंत मेलने पाठवतील आणि त्याबाबतच्या शंकांना तेच उत्तर देतील. दराबाबतची चर्चा मी स्वतः करेन.

नवीन तारीख ठरवण्यासाठी शुक्रवार, दि. १४ रोजी दुपारी १२ पर्यंत मी फोन करतो. आपल्याला सोयीचे असल्यास पुढील बैठकीसाठी मी चाकणला येईन.

आपण प्रवासाची तयारी केलेली असताना इतक्या उशिरा कळवावे लागत आहे, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

आपला,
(नाव, पद, मोबाईल)

एवढंच आहे. फोन लागला नसेल तर पहिले तीन शब्द काढून टाका. सीसीमध्ये मालक, तुमचे क्वालिटीवाले आणि ज्यांना ज्यांना मीटिंगचं आमंत्रण गेलं होतं ते सगळे. क्वालिटीच्या माणसाचं नाव घालायच्या आधी त्याला फोन करून विचारा हं, ४ पर्यंत जमतंय का. तो उद्या रजेवर असला तर तुमच्या मेलमध्ये दुसरी चूक तयार झाली.

आता यातला एकेक शब्द असाच का ठेवलाय ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी स्वतःचा स्वतः लिहाल. मी शिरोलीच्या फौंड्रीत एमडींच्या ऑफिसात तेवीस वर्षं काढली, असली पत्रं शेकड्यानं लिहिली, आणि यातल्या एका पत्रानं कामच अडकवून ठेवलं होतं.

ते आधी ऐका. आमच्याकडं असंच पुण्याकडचं गिऱ्हाईक येणार होतं, एमडींच्या घरी रात्री अडचण आली, मला रात्री पावणेअकराला फोन, "कळवून टाका." मी नवीन होते, ऑफिसच्या फाईलमध्ये जो नमुना होता तोच टाकला, "अपरिहार्य कारणास्तव उद्याची बैठक रद्द करण्यात येत आहे, तसदीबद्दल क्षमस्व." मेल केला आणि झोपले. सकाळी नऊला फोन आला तेव्हा ती माणसं तासवडे टोलनाक्यावर होती, मेल कुणी बघितलाच नव्हता. ते एक झालंच. पण दुसरं जास्त वाईट झालं, त्यांच्या वरच्या साहेबांनी तो मेल पुण्यात बसून वाचला आणि त्यांनी "रद्द" चा अर्थ घेतला की आम्हाला त्या रेटमध्ये कामच करायचं नाही, म्हणून त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या व्हेंडरला ड्रॉइंग पाठवली. मेलमध्ये मीटिंग कुणी रद्द केली हे नव्हतं, का ते नव्हतं, पुढं काय ते नव्हतं, तर वाचणारा बिचारा काय समजणार. ते निस्तरायला आम्हाला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी "करण्यात येत आहे" हे तीन शब्द असल्या पत्रात येऊ देत नाही.

याचं कारण नीट बघा. "बैठक रद्द करण्यात येत आहे" यात करणारा माणूस दिसतच नाही. सरकारी परिपत्रकात, सोसायटीच्या बोर्डावर ते चालतं, कारण तिथं निर्णय पदाचा असतो, माणसाचा नसतो. पण तुम्ही एका माणसाला वेळ दिली होती, तो पाच तास गाडी चालवत तुमच्यासाठी येणार होता, आणि आता तुम्ही मागं येताय. अशा वेळी वाक्यातून स्वतः गायब झालात की तो गृहीत धरतो काहीतरी लपवताहेत. म्हणून "मला" पाहिजे. आणि आपल्या मराठीत त्यासाठी फार सोयीची रचना आहे, "मला पुढे ढकलावी लागत आहे." "मी पुढे ढकलत आहे" म्हटलं की वाटतं तुमची मर्जी. "लागत आहे" म्हटलं की नाइलाज त्या क्रियापदातच आला, वेगळं "नाइलाजास्तव", "अत्यंत खेदाने", "अतिशय अपरिहार्य परिस्थितीत" असलं काही जोडावं लागत नाही. जबाबदारी तुमचीच राहते आणि सक्ती पण कळते, एका शब्दात दोन्ही.

आता रद्द, स्थगित, पुढे ढकलणे, तहकूब. लोक हे चारी शब्द एकाच अर्थानं टाकतात आणि घोळ तिथंच होतो. रद्द म्हणजे ती मीटिंग आता होणार नाही, परत व्हायची तर नव्यानं ठरवावी लागेल. पुढे ढकलली म्हणजे होणार, तारीख बदलणार. स्थगित म्हणजे थांबवून ठेवली, कधी होईल ते माहीत नाही, कदाचित होणारच नाही, म्हणून कस्टमरला स्थगित लिहू नये, त्या शब्दाला एक सरकारी गारवा आहे. आणि तहकूब तर पूर्ण वेगळं, माणसं जमली आणि मग सभा थांबवली तर तहकूब. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत तळाला असतं बघा, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल. तुमची मीटिंग अजून भरलीच नाही, तर तहकूब कुठून होणार. तुमच्या बाबतीत "पुढे ढकलली" हाच शब्द, आणि खाली "दोन्ही विषय कायम आहेत" हे वाक्य त्याला आधार म्हणून आलंय. विशेषतः दरवाढ तुम्ही मागताय ना, तर समोरच्याला वाटायला नको की मागणी ढिली पडली, किंवा उलट की तुम्ही रिजेक्शनच्या विषयातून सुटका करून घेताय. दोन्ही विषयांची नावं घ्या, मोघम "इतर विषय" नको.

जाता जाता एक, कारण गावाकडं हे लई होतं. दूध संस्था, पतसंस्था, हौसिंग सोसायटी यांची नोटीस काढून बोलावलेली सभा असेल तर चेअरमनना जमत नाही म्हणून असल्या मेलनं ती पुढं ढकलता येत नाही. तिथं चेअरमन नसले तरी हजर असलेल्यांतून अध्यक्ष निवडून सभा होऊ शकते, आणि ढकलायचीच असेल तर त्या संस्थेचे उपविधी बघून. आज मी सांगतेय ते फक्त चार-पाच माणसांच्या कामाच्या मीटिंगबद्दल.

कारण किती सांगायचं, हा तुमचा खरा प्रश्न. माझा नियम असा, मेलमध्ये तेवढंच लिहायचं जेवढं नऊ अनोळखी माणसांनी वाचलं तरी चालेल, कारण मेल फॉरवर्ड होतो. परचेस हेड तो त्यांच्या साहेबांना पाठवणार, ट्रॅव्हल डेस्कला पाठवणार की गाडी कॅन्सल करा, क्वालिटीच्या टीमला पाठवणार. म्हणून अँजिओग्राफी, हॉस्पिटलचं नाव, ब्लॉकेज वगैरे काही नको. "वडिलांना तातडीने रुग्णालयात दाखल केले" यात कोण आणि काय हे दोन्ही आलं, आजार आला नाही. एवढं वाचून कुणी शहाणा माणूस पुढं विचारत नाही. फोनवर साहेबांनी आपुलकीनं विचारलं तर सांगा की, तिथं बिघडत नाही. फक्त फोन, मेल आणि उद्या तुमच्या गेटवर सिक्युरिटी जे सांगेल ते तिन्ही एकच असू दे. मेलमध्ये वडील आणि गेटवर "साहेब साईटवर गेलेत" असं झालं की खरं कारण पण खोटं ठरतं.

आणि तुम्हाला "वडील" सुद्धा लिहायचं नसेल तर "घरातील व्यक्तीच्या तब्येतीच्या तातडीच्या कारणामुळे" एवढ्यावर थांबा, चालतंय. त्याच्या खाली मात्र जाऊ नका. "वैयक्तिक कारणास्तव" हे आठवडाभर आधी कळवताना ठीक असतं, रात्री साडेनऊला वाचणाऱ्याला ते दार लावून घेतल्यासारखं लागतं. "काही कारणास्तव" तर लिहूच नका, कारण असल्याशिवाय कोण ढकलतंय. आणि एक शब्द मी कितीतरी मेलमध्ये बघितलाय, "पूर्वनियोजित कामामुळे". अहो, काम आधीपासून ठरलेलं होतं तर ही वेळ दिलीच कशाला? अचानक मागं यायला पूर्वनियोजित कारण म्हणजे स्वतःच कबूल करणं की तुमची मीटिंग आम्ही विसरलो होतो. "अपरिहार्य कारणास्तव" मी वाईट म्हणत नाही, पन्नास सभासदांच्या नोटीस बोर्डावर तोच शब्द योग्य आहे, एका ओळखीच्या माणसाला तो कोरडा वाटतो.

कारण तब्येतीचं नसून कामाचंच असेल, म्हणजे समजा दुसऱ्या गिऱ्हाइकाची लाइन बंद पडली आणि तुम्हाला तिकडं पळावं लागतंय, तर घरचं आजारपण पुढं करू नका. आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले मिळून सगळे एकमेकांना ओळखतात, ट्रान्सपोर्टवाला एकच, पॅटर्नवाला एकच, संध्याकाळपर्यंत बातमी चाकणला पोचते. "दुसऱ्या ठिकाणच्या उत्पादनातील तातडीच्या अडचणीमुळे" असं सरळ लिहा, कुठल्या ते लिहायची गरज नाही.

"आपण" या शब्दाचा एक सापळा आहे तो पण सांगून ठेवते. फॉर्मल मराठीत आपण म्हणजे "तुम्ही" पण आणि "तुम्ही-आम्ही मिळून" पण. "शुक्रवारी आपण चाकणला जाऊन चर्चा करावी" यात कोण जाणार? मी अशा वाक्यावरून दोन्ही बाजूंची माणसं घरी बसून राहिलेली बघितलीत. म्हणून पूर्ण मेलमध्ये आपण हा शब्द फक्त त्यांच्यासाठी ठेवलाय, आणि स्वतःसाठी दरवेळी मी. "मी फोन करतो", "मी चाकणला येईन". कोण काय करणार ते वाचताना अडखळायला नको.

तसंच "निघू नये" लिहिलंय, "येऊ नये" नाही. कोल्हापुरात कुणाला येऊ नका म्हणणं किती लागतं ते तुम्हाला सांगायला नको. "प्रवासाला निघू नये" यात त्यांची दगदग वाचवायचा भाव आहे, आणि तो विषयाच्या ओळीतच पाहिजे, कारण झोपेत फोन हातात घेतलेल्या माणसाला नोटिफिकेशनवर फक्त विषय दिसतो, तो पण निम्मा. म्हणून विषयात पहिला शब्द "उद्याची". "महत्त्वाचे", "तातडीचे", "बैठकीबाबत" असल्या शब्दांनी सुरुवात केली तर कामाचा शब्द कापला जातो. आणि सगळीकडं वार आणि तारीख दोन्ही. रात्री बाराच्या पुढं कुणी मेल उघडला तर "उद्या" चा अर्थ बदलतो, बुधवार दि. १२ चा बदलत नाही.

"शक्य होईलसे वाटत नाही", "जमेल असे दिसत नाही" हे पण नको. आपल्याला ते नम्र वाटतं, पण वाचणारा म्हणतो, म्हणजे जमू पण शकेल, आणि निघतो. नम्रता शेवटच्या ओळीत दाखवा, बातमी पक्की द्या. सकाळी डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, तरी उद्याच्या ११ चं पुन्हा चालू करायला जाऊ नका, एकदा ढकललं ते ढकललं.

पुढच्या तारखेचं नीट करा. सगळे लिहितात "पुढील तारीख लवकरच कळवू", आणि "लवकरच" म्हणजे विषय संपला असा अर्थ आता रूढ झालाय. तुम्हाला आज तारीख देता येत नाही हे मान्य, वडिलांचं काय निघतंय ते उद्या दुपारपर्यंत कळेल, स्टेंट म्हणाले तर अजून दोन-तीन दिवस. मग तारीख देऊ नका, तारीख कधी सांगाल ते द्या. "शुक्रवारी १२ पर्यंत फोन करतो." हे तुमच्या हातात आहे, हॉस्पिटलमधून पण होतं. आणि नवीन दिवस सुचवताना गुरुवार टाळा, पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एकदा आयत्या वेळी ढकलून वर त्यांच्या सुट्टीचा दिवस सुचवला तर बरं दिसत नाही. "मी चाकणला येईन" हे वाक्य मनापासून देणार असाल तरच ठेवा, पण माझं मत विचाराल तर ठेवाच. त्यांची एक फेरी तुमच्यामुळं बुडाली, पुढची फेरी तुम्ही करायची, यापेक्षा मोठी दिलगिरी शब्दांत होत नाही.

दिलगिरी एकदाच, शेवटी, आणि कशाबद्दल ते सांगून. "तसदीबद्दल क्षमस्व" हा शिक्का आहे, कुणी वाचत नाही. "आपण तयारी केलेली असताना इतक्या उशिरा कळवावे लागत आहे, याबद्दल" म्हटलं की कळतं तुम्हाला त्यांचं नुकसान नेमकं दिसलंय. मीटिंग ढकलल्याबद्दल माफी मागू नका, वडील आजारी आहेत हा गुन्हा नाही. उशिराबद्दल मागा. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा अशी माफी आली की मेल लांबतो आणि बातमी खाली जाते.

क्वालिटीच्या माणसाबद्दलची ओळ मुद्दाम दोन तुकड्यांत आहे. तो काय करेल आणि काय करणार नाही. नुसतं "माझ्या अनुपस्थितीत श्री. अमुक उपलब्ध असतील" लिहिलंत तर उद्या सकाळी परचेसवाले त्यालाच फोन करून दराचं विचारणार, आणि तो बिचारा सौजन्यानं काहीतरी "बघू, होईल" म्हणून जाणार, मग तो आकडा तुमच्या गळ्यात. अधिकार नाही तो विषय मेलमध्येच काढून घ्या.

समजा दोघांपैकी कुणीच फोन उचलला नाही. मग पहाटे पाचला परत लावा, गजर लावून ठेवा, आणि त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर ट्रॅव्हल डेस्ककडून मिळत असेल तर तो पण. तरी ते निघाले आणि साताऱ्याच्या पुढं आले असं कळलं, तर परत फिरवू नका. तिथून मागं जाणं आणि पुढं येणं जवळपास सारखंच, आणि अर्ध्या वाटेतून परत गेलेला माणूस ते वर्षभर लक्षात ठेवतो. तेव्हा मेल नाही, मेसेज पाठवायचा, असा :

"नमस्कार साहेब, वडिलांना रात्री अॅडमिट केल्यामुळे मी आज कारखान्यात नाही. आपण साताऱ्याच्या पुढे आल्याचे कळले, कृपया परत फिरू नये. श्री. ......... (मोबाईल .........) गेटवर थांबले आहेत, ते रिजेक्शनचे पार्ट आणि रिपोर्ट दाखवतील. दराबद्दल मी दुपारी २ ते ३ मध्ये फोनवर बोलू शकतो. जेवणाची व्यवस्था केली आहे. झालेल्या घोळाबद्दल दिलगीर आहे."

यात "बैठक पुढे ढकलली" हे शब्दच नाहीत, कारण आता ती अर्धी होणार आहे. क्वालिटीच्या साहेबांचं काम खरंतर शॉप फ्लोअरवर पार्ट बघूनच होतं, त्यांना तुमची गरज पण नाही. दराचं तेवढं तुमच्याशी. आणि २ ते ३ ही वेळ अँजिओग्राफीच्या वेळेला आपटत नाही ना ते डॉक्टरांना विचारून लिहा. मालकांना पण सकाळीच सांगा की गरज पडली तर ते फोनवर येतील. तेवढं झालं तर पाहुण्यांची फेरी फुकट जात नाही.

कॅलेंडरचं राहिलं. मेल गेला म्हणजे झालं असं समजून पुष्कळ जण कॅलेंडरमधली मीटिंग डिलीट करतात. गूगल कॅलेंडरमध्ये आमंत्रण पाठवलेली मीटिंग डिलीट करून पाहुण्यांना कळवलंत की त्यांना "Canceled event" असा मेल जातो. म्हणजे तुम्ही एवढं जपून "पुढे ढकलली" लिहिलं आणि पाठोपाठ मशीननं "रद्द" सांगितलं. डिलीट करू नका, मीटिंगचं नाव बदला, "पुढे ढकलली, नवीन तारीख शुक्रवारी कळवतो" असं, आणि शुक्रवारी ठरलं की तीच नव्या तारखेला सरकवा. आणि ही दर आठवड्याची किंवा दर महिन्याची मीटिंग असेल तर बदल करताना तो विचारतो कुठल्या मीटिंगला लागू करायचं, तिथं "This event" च निवडायचं, "All events" वर बोट गेलं तर पुढच्या सगळ्याच हलतात.

तुम्ही बोलावलेली नसून दुसऱ्यानं बोलावलेली मीटिंग असती तर सगळा मेल बदलला असता, हे पण लक्षात असू दे. तिथं तुम्हाला ढकलायचा अधिकारच नाही. "बैठक पुढे ढकलावी" असं सुचवणं सुद्धा आगाऊपणा होतो. तिथं एवढंच, "उद्याच्या बैठकीस मला उपस्थित राहता येणार नाही. माझ्याकडील माहिती सोबत जोडली आहे. बैठक माझ्याशिवाय घ्यावी की पुढे न्यावी हे आपण ठरवावे, मला दोन्ही मान्य आहे." "बैठकीस येणार नाही" नको, त्यात नकार आहे, "उपस्थित राहता येणार नाही" यात अडचण आहे. कितीतरी मुलं घाईत "उद्याची मीटिंग कॅन्सल" असा मेसेज ग्रुपवर टाकतात, म्हणायचं असतं मला जमत नाही, आणि सहा माणसं घरी राहतात.

मेल पाठवल्यावर दोन फोन अजून आहेत, पाठवणाऱ्याच्या डोक्यातून ते हमखास जातात. एक गेटवर सिक्युरिटीला आणि एक कँटीन किंवा जिथं जेवण सांगितलं होतं तिथं. पाहुणे आदल्या रात्री येऊन कोल्हापुरात हॉटेलला उतरणार होते का ते पण आठवा, कधीकधी एक जण बेळगावची साईट करून इकडं येणारा असतो आणि तो आत्ता या क्षणी हॉटेलवर जेवत असतो. तसं असेल तर त्याला वेगळा फोन, मेलमधलं "प्रवासाला निघू नये" त्याला लागूच होत नाही, आणि सकाळी त्याला तुमच्या क्वालिटीच्या माणसानं जाऊन भेटायचं.

शुक्रवारचा फोन ११:५५ ला नाही, सकाळी दहाला करा. तोवर तारीख देता येत नसेल तरी करा आणि तेच सांगा, की अजून दोन दिवस लागतील, सोमवारी सांगतो. फोन झाला की त्याच मेलच्या खाली, नवीन मेल न काढता, एक ओळ टाका, "आजच्या बोलण्यानुसार बैठक मंगळवार, दि. १८ रोजी सकाळी ११ वाजता आपल्या चाकण येथील कार्यालयात. विषय तेच : दरवाढ व रिजेक्शन." वडिलांची चौकशी त्यांनी केली असेल तर त्याच ओळीखाली "वडिलांची तब्येत आता सुधारत आहे, आपण चौकशी केलीत, आभारी आहे" एवढं लिहा. आता फोन लावा, साडेनऊ होत आले असतील.